वैशाखातला बिंदू

मालवणात खाडीच्या अंगाला एक चार मजली इमारत आहे. तिच्या आवारातली विहीर खारी झाली ती माझ्यामुळे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दुकानाच्या मालकांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिलाही नाही. मी मुळात कमी बोलणारा. अशा माणसाचं एक बरं असतं, तो गप्प राहिला तर त्यात कुणाला काही निराळं वाटत नाही.

मी कणकवलीला पंपांच्या दुकानात काम करतो. विकणं हे इतरांचं काम, माझं काम निवडून देण्याचं. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते हॉर्सपॉवर सांगत येतं. शेजाऱ्याकडे एकचा आहे, मला दीडचा द्या, म्हणजे पाणी जास्त येईल. बहुतेक दुकानांत तसाच देतात. मी मात्र कंपनीच्या प्रशिक्षणाला कोल्हापूरला जाऊन आलो होतो, आणि तिथून कर्व्ह वाचायला शिकून आलो होतो. मालक कौतुकाने सांगत, "हो आमचो माणूस ग्राफ बघून पंप देता." तेव्हा समोरचा माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तसा बघायचा. मला ते आवडायचं. हेही लिहून टाकतो.

ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कर्व्ह ही फार साधी गोष्ट आहे. कागदावर आडवी रेघ पाण्याची, मिनिटाला किती लिटर. उभी रेघ उंचीची, किती मीटर. प्रत्येक पंपाची एक वाकडी रेघ कंपनीने छापलेली असते. ती डावीकडे वरून सुरू होते आणि उजवीकडे उतरत जाते. म्हणजे पंपाला फार उंच ढकलायला लावलं तर पाणी कमी, उंची कमी केली तर पाणी जास्त. डावीकडचं अगदी वरचं टोक म्हणजे त्या पंपाची हद्द. तेवढ्या उंचीला पंप फिरतो, नळी भरून उभी राहते, आणि वर थेंब पडत नाही.

दुसरी रेघ आपण काढायची, ती इमारतीची. ती शून्यापासून निघत नाही. पाणी जिथे आहे तिथपासून टाकीत ते जिथे पडतं तिथपर्यंतची जी उभी उंची, तिथून निघते, आणि पाणी वाढेल तशी वर चढत जाते. कारण नळीतलं, बाकांतलं म्हणजे वळणांतलं, व्हॉल्व्हमधलं घर्षण पाण्याबरोबर वाढतं, आणि दुप्पट पाण्याला दुप्पट नाही, चौपट वाढतं. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो ड्यूटी पॉइंट. पंप तिथेच चालतो. आपली इच्छा काहीही असो, तो तिथेच जाऊन बसतो.

ही इमारत उभी राहिली ती एका बाईंच्या माडांच्या आवाटात, म्हणजे बागेत. त्या निवृत्त शिक्षिका. ख्रिश्चन कुटुंबातल्या, लग्न केलेलं नाही, भावंडं गोव्यात आणि त्याहून लांब पांगलेली. अर्धं मालवण त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे त्यांना सगळे टीचरच म्हणत. मी त्यांच्या शाळेत नव्हतो, तरी मीही टीचरच म्हणायचो. एकटीला एवढं घर झेपेना म्हणून त्यांनी जागा बिल्डरला दिली आणि बदल्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. अट एकच घातली: आवारातला खुरीस, म्हणजे क्रूस, हलवायचा नाही आणि विहीर बुजवायची नाही. सगळ्या इमारतीने त्याच विहिरीचं पाणी प्यायचं. त्यांच्या आजोबांनी जांभा फोडून ती खणली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती कधी आटलेली नव्हती, आणि आजूबाजूच्या वाड्यांतले म्हातारेही तेच सांगत.

मला बोलावणं आलं ते चतुर्थीच्या दिवसांत. पाऊस नुकता थांबलेला, कठड्यावर शेवाळ, विहीर तुडुंब. मी टेपच्या टोकाला दगड बांधून खाली सोडला. जमिनीपासून दीड मीटर खाली पाणी. टाकीत पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड जमिनीपासून अठरा मीटरवर. टीचर छत्री टेकून शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा टेप बघितला आणि हसल्या.

"आता काय मापतंस? आता हात घातल्यार पाणी लागता. वैशाखात ये, आनि मगे माप."

मी म्हटलं, "टीचर, काळजी करू नका. मार्जिन धरलंय मी."

त्यांच्याशी मी मालवणीत बोलायला हवं होतं. त्या दिवशी मी ऑफिसातल्यासारखा बोललो. कारण मला ठाऊक होतं त्या बरोबर आहेत. माझं बालपण इथलंच. वैशाखात आमच्या विहिरीची दोरी कशी लांबत जायची, पोहरा खाली टेकल्याचा आवाज किती उशिराने यायचा, हे मला ग्राफ शिकण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

तरी मी दुकानात येऊन रेघ काढली ती भाद्रपदातली. दीड आणि अठरा, साडेएकोणीस. मिनिटाला एकशेवीस लिटर पाण्याला घर्षण चार मीटर. एकूण साडेतेवीस. एका मॉडेलची रेघ बरोबर त्या ठिकाणावरून जात होती, आणि त्या कागदावर कार्यक्षमतेची जी टेकडीसारखी तिसरी रेघ असते तिचा माथाही बरोबर त्याच बिंदूच्या डोक्यावर होता. असा बिंदू क्वचित मिळतो. मला तो इतका आवडला की मी त्याच्याभोवती पेन्सिलने वर्तुळ काढलं. त्या पंपाची हद्द तीस मीटर होती. साडेतेवीसच्या वर साडेसहा मीटर शिल्लक आहेत, तेच माझं मार्जिन, असं मी स्वतःला सांगितलं.

एक मॉडेल पुढचंही होतं, बेचाळीस मीटर हद्दीचं. त्या पंपाने पावसाळ्यात उजवीकडे घसरून मिनिटाला दीडशेच्या वर लिटर ओतले असते, मोटरने करंट थोडा जास्त घेतला असता, आणि माझा बिंदू टेकडीच्या माथ्यावरून खाली उतरला असता. व्हॉल्व्ह थोडा आवळून ठेवला की झालं असतं. तेवढंच. पण मला तो व्हॉल्व्ह आवळलेला नको होता. मला ते वर्तुळ हवं होतं.

मी लहान पंप दिला.

पावसाळा गेला, थंडी गेली. इमारतीत लोक राहायला आले. चेअरमन झाले ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शिस्तीचे, मराठीही बँकेतलीच बोलणारे. त्यांनी दोन-तीनदा फोन करून पंप उत्तम असल्याचं कळवलं. टाकी दीड तासात भरते म्हणाले. मला बरं वाटलं.

शिमग्यानंतर फोनचा सूर बदलला. टाकी भरायला वेळ लागतो. मग, टाकी भरत नाही. वैशाखात तर सकाळी थोडं पाणी चढायचं आणि दुपारनंतर काहीच नाही. पंप चालू, घरघर नीट, आणि वर कोरडं. लोक गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडून नळीच्या तोंडाशी हात धरून बसायचे.

चेअरमननी आधी आमच्याच ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावून बघितला आणि सांगितलं, "मोटरीक काय झाला नाय. करंट उलट कमीच घेता. पाणीच नाय तर ती तरी काय वढतली?" त्याचं मोजणं खरं होतं. पंप हद्दीजवळ गेला की पाणी ढकलत नाही, आणि पाणी ढकलत नाही म्हणून मोटरवर भारही येत नाही. पण ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की विहिरीतच पाणी नाही.

मग पंप आणखी खाली सोडला. दोरी वाढवली, नळीचा तुकडा जोडला, चार माणसं लागली. मी तिथे होतो. मला बोलावलं होतं. पंप किती खोल आहे त्याने काहीही फरक पडत नाही हे मला माहीत होतं. पाण्यात बुडालेला पंप दोन हात खाली नेला तर वरचं पाणी तेवढंच जास्त दाबतं आणि चढही तेवढाच वाढतो. हिशेब पाण्याच्या पृष्ठभागापासून. पृष्ठभाग तिथेच होता. घामाने भिजलेली ती माणसं दोरी सोडत होती, आणि मी कठड्याला हात लावून "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. पंप खाली गेला. टाकी कोरडीच राहिली.

त्या दिवशी मी पुन्हा टेप सोडला. कुणी सांगितलं नव्हतं. जमिनीपासून साडेदहा मीटर खाली पाणी. खाली तळ दिसत नव्हता, आरशासारखं काळं पाणी दिसत होतं, त्यात माझं डोकं. दगड आणखी सोडला तर अडीच मीटर पाणी उभं होतं. एवढ्या रुंद विहिरीत अडीच मीटर म्हणजे सगळ्या इमारतीला तीन दिवस पुरेल इतकं. आणि जांभ्याच्या भिंतीतून पाझर येताना ऐकू येत होता.

दुकानात येऊन मी तोच कागद काढला आणि दुसरी रेघ ओढली, वैशाखातली. साडेदहा आणि अठरा, साडेअठ्ठावीस. ही रेघ माझ्या पंपाच्या रेघेला भेटत होती ती पार डावीकडे, वरच्या कोपऱ्यात. मिनिटाला जेमतेम पंचेचाळीस लिटर. तेही व्होल्टेज पूर्ण असेल तर. पंपाची रेघ त्या कोपऱ्यात जवळजवळ आडवी असते. तिथे उंची वीतभर वाढली तरी पाणी हातभर मागे सरतं. आणि व्होल्टेज उतरलं की मोटरचा वेग उतरतो, वेगाच्या वर्गाने उंची उतरते. वेग शंभराला तीन कमी झाला की तीस मीटरची हद्द अठ्ठावीस-सव्वाअठ्ठावीसवर येते. आमची गरज साडेअठ्ठावीसची. मे महिन्यात किनाऱ्यावरचे सगळे होमस्टे भरलेले, दुपारपासून रात्रीपर्यंत प्रत्येक खोलीत एसी. दोन रेघा मग एकमेकींना भेटतच नाहीत. बिंदूच उरत नाही.

मी त्या कागदाकडे बघत बसलो. विहिरीत पाणी होतं. पंप बिघडलेला नव्हता. फक्त मी निवडलेल्या पंपाला ते पाणी वर न्यायचं बळ नव्हतं. उपाय होता, मघाशी सांगितलेला पुढचा पंप. एका फोनचं काम होतं, "माझी चूक झाली, पंप बदलून देतो."

उद्या करू म्हणून मी तो कागद घडी घालून ठेवला. हा उद्या मला अजून गाठता आलेला नाही.

दुसऱ्याच दिवशी इमारतीच्या पार्किंगमध्ये बैठक झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर कोकम सरबताचे ग्लास. पाणी विकत आणल्याचं कुणीतरी मुद्दाम दोनदा बोललं. टीचर पुढच्या रांगेत बसल्या होत्या. हातात वर्तमानपत्र, वारा घ्यायला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाव पण टीचरवांगडा रिटायर झाली मा!" टीचरांबरोबर विहीरही निवृत्त, म्हणून सगळे हसले. टीचरही हसल्या.

चेअरमननी माझ्याकडे बघितलं. त्यांचा सूर मवाळ होता. मला वाटतं ते माझ्यावर विश्वास ठेवत होते, आणि त्यानेच घात झाला. त्यांनी विचारलं, "तुम्ही यातले जाणकार. एकच सांगा. दोष पंपात आहे की विहिरीत?"

मी म्हटलं, "विहिरीची पातळी फार खाली गेली आहे."

हे खरं होतं. मी टेप सोडून मोजलं होतं. त्या वाक्यात एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि मी आयुष्यात बोललेलं सगळ्यांत मोठं खोटं तेच आहे. खुर्च्यांमधली माणसं एकदम सैल झाली. प्रश्न सुटल्यासारखी. सगळ्यांनी टीचरांकडे बघितलं. त्यांनी वर्तमानपत्र हलवायचं थांबवलं होतं.

मग बोअरचा विषय निघाला. तो निघणारच होता. कुणाचा तरी मेहुणा बोअर खणणाऱ्या रिगवाल्याला ओळखत होता. टीचरांची परवानगी लागणार होती, कारण जागा खुरसाच्या मागची होती आणि तेवढा तुकडा त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. त्या म्हणाल्या, लोकांना पाणी मिळत नसेल तर मी कोण अडवणार. एवढंच.

मी घरी आलो. जेवलो. बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, बोअर मारणार आहेत. ती म्हणाली, खाडी एवढी जवळ असताना? तिला पंपातलं काही कळत नाही, पण ती आचऱ्याची आहे. खाडीकाठच्या बोअरचं पुढे काय होतं हे तिथल्या लोकांना सांगावं लागत नाही. वर पावसाचं गोडं पाणी असतं, खाली समुद्राचं. जास्त खोलातून, जास्त जोराने ओढलं की खालचं वर सरकतं. मलाही हे माहीत होतं. मी म्हटलं, त्यांचं ते बघतील.

चेअरमनना दोनदा फोन लावला. एकदा व्यस्त, एकदा उचलला नाही. मला हायसं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण वाटलं.

शेवटी ज्या दिवशी रिग येणार होती त्या दिवशी मी स्कूटर घेऊन निघालो. ठरवून निघालो होतो. कसालच्या वळणावर वाक्यसुद्धा मनात तयार केलं. पोचलो तेव्हा रिग आवारात शिरलेली होती. कुंपणाचे चिरे बाजूला काढून ठेवलेले, माडाची दोन झाडं तोडलेली. ड्रायव्हर आणि त्याची माणसं परप्रांतातली, त्यांना कुणाशी बोलायचं नव्हतं, पावसाच्या आत आणखी चार ठिकाणं करायची होती. टीचर खुरसाशी उभ्या होत्या. खुरसावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्याला जुनी चादर गुंडाळली होती.

मी म्हटलं, "टीचर, वायच थांबवया काय ह्यां? माका जरा बोलाचा आसा."

त्या माझ्याकडे वळल्या. त्यांना वाटलं मी त्यांच्या वतीने बोलायला आलोय, विहिरीची बाजू घ्यायला. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"कित्याक थांबवचा? तूच सांगलंस मा पातळी खाली गेली म्हणान. तू ग्राफ बघून सांगतंस, मगे ता खोटा कसा आसात?"

मी तोंड उघडलं आणि रिग सुरू झाली.

तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना कळेल. माणसाला आपलाच विचार ऐकू येत नाही. मी काहीतरी बोललो असेन, त्यांनी कानाकडे बोट करून मान हलवली. आवाज थांबेपर्यंत थांबता आलं असतं. हातवारे करून ड्रायव्हरला थांबवता आलं असतं. मी तिथे उभा राहिलो. आधी जांभ्याची लाल धूळ उडाली, मग पिवळसर, मग राखाडी. सगळी इमारत गॅलऱ्यांत येऊन बघत होती. मग पाणी लागलं, रिगच्या हवेच्या दाबाने उंच उडालं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी गोडं होतं. मी ओंजळीत घेऊन चाखलं. गोडं होतं.

चेअरमननी बोअरसाठी पंप माझ्याकडूनच घ्यायचा ठरवलं. "या वेळी तरी विहिरीने तुमची अडचण करायला नको," असं म्हणाले. आणि या वेळी मी सगळं नीट केलं. सगळ्यांत वाईट दिवसाची पातळी धरली, उतरलेलं व्होल्टेज धरलं, नळीचं घर्षण एकेक बाक मोजून धरलं. बोअरचे पंप अनेक टप्प्यांचे असतात. त्यांचा कर्व्ह उभा उतरतो, पातळी चार मीटर खाली गेली तरी पाणी फारसं कमी होत नाही. असाच निवडला. बिंदू जिथे काढला होता तिथेच बसला. मी घड्याळ लावून टाकी भरताना मोजली. त्यात काही चूक नव्हती.

म्हणूनच तो ओढत राहिला. सगळी इमारत, शिवाय शेजारच्या होमस्टेनेही एक फाटा जोडून घेतला. पहिला उन्हाळा निभावला. दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला डाळ शिजेना झाली. साबणाला फेस येईना. मग नळाच्या तोटीवर पांढरा थर. मग चव. बोअर आणि विहीर यांच्यात फार अंतर नव्हतं, खालचं पाणी एकच. विहीरही खारी झाली. पाऊस पडला की वरचं पाणी चार महिने गोडं लागतं. थंडी संपली की पुन्हा तेच. माणसं प्यायला बाटल्या आणतात, बाकीच्याला हेच वापरतात. बोअर बंद केली तर काही वर्षांत विहीर सुधारेल असं मला वाटतं, खात्री नाही. पण बोअर बंद करायला सांगणार कोण? आणि सांगितलं तर रोजचं पाणी कुठून आणणार? माझा तो लहान पंप भंगारात गेला. मोठा बसवला तरी तो आता खारंच पाणी वर नेईल.

लोकांना याचं काही गूढ वाटत नाही. किनाऱ्यावर आता असंच होतं, म्हणतात. पर्यटन वाढलं, पाऊस बदलला, समुद्र आत येतोय. मला कुणी दोष देत नाही. चेअरमन अजून मला दुसऱ्या इमारतींची कामं सुचवतात. मी जातो. मापायला सांगितलं की मी विचारतो, वैशाखात पाणी कुठपर्यंत जातं, आणि गिऱ्हाईक नेमकं सांगू शकलं नाही तर आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून येतो. मालक म्हणतात, तू हल्ली फार चिकित्सा करतोस.

गेल्या उन्हाळ्यात बोअरच्या पंपाच्या स्टार्टरचं काही काम निघालं म्हणून गेलो होतो. टीचरांनी वरून हाक मारली. चहाला बोलावलं. जिने चढून गेलो. त्या थकल्या आहेत, बोटं आखडली आहेत. पण घर तसंच नीटनेटकं, भिंतीवर शाळेचा जुना फोटो. भाचीने गोव्याला बोलावलंय म्हणाल्या. मडगावला. बहुतेक जाणार. इथे त्यांच्याने आता पाण्याच्या बाटल्या वर आणवत नाहीत.

त्यांनी चहा दिला. मी एक घोट घेतला. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"खारट लागता मा? सवय झाली आमका. बाटलेचा पाणी मी प्यायाक ठेवतंय."

मी म्हटलं, नाही, चांगला झालाय.

मग त्या खिडकीशी गेल्या. तिथून आवार दिसतं, खुरीस दिसतो, विहिरीवर बसवलेली लोखंडी जाळी दिसते. म्हणाल्या, "माझीच बाव कमी पडली रे. लोकांका मी सांगलेलंय, कधी आटूची नाय म्हणान. आजोबांचा नाव घेवन सांगलेलंय." आवाजात तक्रार नव्हती. शरम होती. एखाद्या आईला वर्गात बोलावून तिच्या मुलाबद्दल सांगितलं, आणि तिने ते मान्य केलं, तशी.

त्या वेळी खोलीत आम्ही दोघंच होतो. रिग नव्हती, बैठक नव्हती, फोन व्यस्त नव्हता. मला आवाज होता, वेळ होता. त्यांनी चार वर्षं त्या विहिरीसाठी मान खाली घातली होती. प्रत्येक शेजाऱ्याशी जिन्यात बोलताना घातली असणार. मी कप हातात धरून बसलो. काय बोलावं हे मला शब्दागणिक माहीत होतं. मी चहा संपवला. स्टार्टरचं रिले बदललंय असं सांगितलं. त्या म्हणाल्या, जप हां बाबा, जिन्यात काळोख आसा.

हे मी लिहितोय ते धीर आला म्हणून नाही. त्यांच्या घरातलं सामान बांधायला घेतलंय असं परवा कळलं. त्या गेल्या तर आपल्या आजोबांची विहीर खोटी ठरली, असंच मनात घेऊन जातील. लिहिलं तर निदान कागदावर तरी एकदा खरं येईल, म्हणून लिहितोय. कागदावर मी पूर्वीही खरं काढलेलं आहे. त्याचा कुणालाच उपयोग झाला नाही.

पाणी परत गोडं करणं माझ्या हातात नाही. ते कुणाच्याच हातात राहिलेलं नाही. पण टीचरांच्या समोर बसून, त्यांच्याच भाषेत, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे: विहीर आटली नव्हती, तिच्यात पाणी होतं, पंप मी चुकीचा दिला, आणि ते मला बैठकीच्या आधीच कळलं होतं.